कोपऱ्यातलं वर्तुळ

चाचणीच्या खोलीत सहा जण खेळायला बसले होते आणि शेजारच्या खोलीत ती त्यांच्या गेमचे पडदे बघत उभी होती. गेम बनवणाऱ्या त्या कंपनीत तिचं काम जग रचण्याचं. डोंगर कुठे उभा करायचा, नदी कुठे वळवायची, वळणावरून पलीकडचं गाव किती दिसावं आणि किती झाकलेलं राहावं, हे ती ठरवायची. चार वर्षं ती एका खोऱ्यात गुंतून पडली होती. घरी जेवतानासुद्धा तिच्या डोक्यात ते खोरंच असायचं, इतकं की एकदा आईने मीठ मागितलं तर तिने आईला उत्तरेच्या खिंडीतून जायला सांगितलं होतं.

आज पहिल्यांदाच बाहेरची माणसं त्या खोऱ्यात शिरली होती. प्रत्येकाच्या पडद्याखाली एक बारीक कॅमेरा बसवलेला होता. खेळणाऱ्याची नजर पडद्यावर कुठे आहे ते तो टिपायचा आणि इकडे तिच्यासमोर ती नजर लाल ठिपक्यासारखी दिसायची.

पहिला माणूस कड्याखालच्या वाटेने निघाला. त्या कड्यासाठी तिने जिवाचं रान केलं होतं. वर धबधबा, धबधब्याआड एक अर्धवट दिसणारी पायवाट, आणि मान वर केली की सूर्य नेमका पाण्यातून डोळ्यांवर येईल अशी वाटेची दिशा. माणूस कड्याखाली आला, कड्याखालून गेला. त्याचा लाल ठिपका सगळा वेळ खाली उजव्या कोपऱ्यातल्या छोट्या गोल नकाशाला चिकटून होता. त्या गोलात तुटक रेघ होती, रेघेच्या टोकाला पिवळी खूण होती, आणि माणूस रेघेवरून असा चालला होता जणू बाकीचा पडदा काळाच आहे.

दुसऱ्याचं तेच. तिसरी एक मुलगी होती, ती धबधब्यापाशी थबकली, म्हणून हिला आशा वाटली. पण मुलगी तहान लागली म्हणून बाटली शोधत होती.

संध्याकाळी सगळ्यांच्या पावलांचा एकत्र नकाशा निघाला. केवढं तरी खोरं, आणि त्यात खुणेपासून खुणेपर्यंत ताणलेले पाच-सात दोरे. बाकी सगळं कोरं. त्याहून वाईट गोष्ट वेगळीच होती. एखाद्या ठिकाणी एकदा पोहोचलं की पुढच्या वेळी नकाशावर ते ठिकाण निवडून थेट तिथे जाता यायचं. याला सगळे फास्ट ट्रॅव्हल म्हणायचे. त्यामुळे एकही माणूस कुठल्याही वाटेने दुसऱ्यांदा गेलेला नव्हता. आणि तिने तर वाटा परतीसाठी रचल्या होत्या. जाताना बंद असलेलं दार येताना उघडं दिसावं, जाताना पाठीमागे राहिलेला डोंगर येताना समोर यावा, असं सगळं. ते कोणी बघणारच नव्हतं.

त्या कोपऱ्यातल्या नकाशाचा कर्ता तिच्या शेजारच्याच टेबलावर बसायचा. पडद्यावरच्या खुणा, आकडे, बटणं हे त्याचं खातं. सगळी मंडळी त्याला गोलवाला म्हणत आणि तो त्या नावाला आता स्वतःही ओ देत असे. दोघं एकाच आठवड्यात नोकरीला लागलेली, एकमेकांच्या डब्यातलं खाणारी. पण त्या संध्याकाळी ती त्याच्याशी बोलली नाही. सरळ कप्तानांकडे गेली. कप्तान म्हणजे प्रकल्पाचे प्रमुख. ओरडायचे नाहीत, पण तारखेचा विषय निघाला की चष्मा काढून पुसत बसायचे, आणि तो चष्मा पुसला जाऊ लागला की भल्याभल्यांची बोलती बंद व्हायची.

दुसऱ्या दिवशी बैठक झाली. ती तावातावाने बोलली. लोकांना आपण जग दाखवत नाही, कोपऱ्यातलं एक वर्तुळ दाखवतो आणि बाकीचं जग त्या वर्तुळाची सजावट म्हणून लावतो, असं म्हणाली. वर्तुळ काढून टाका, आणि कुठूनही कुठेही उडी मारायची सोय बंद करा. फक्त नदीच्या धक्क्यांवर होडी ठेवा. धक्क्यापर्यंत चालत जावं लागलं तर माणूस वाटेत चार गोष्टी बघेल.

गोलवाल्याने तिचं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला की वर्तुळ काढणं सोपं आहे, एक ओळ बदलली की झालं, पण चार वर्षं सगळ्यांनी ते आहे असं धरून काम केलंय. ते गेल्यावर काय काय उघडं पडेल हे आत्ता कोणालाच माहीत नाही.

"तुझं काम जाईल म्हणून बोलतोयस," ती म्हणाली.

असं म्हणायला नको होतं, हे शब्द तोंडातून बाहेर पडतानाच तिला कळलं. गोलवाल्याने आपली पेन्सिल टेबलावर आडवी ठेवली. कप्तानांनी चष्मा पुसला आणि पुढच्या आवृत्तीत करून बघू असं सांगितलं.

ती जिंकली होती. घरी जाताना पावलं जमिनीला लागत नव्हती.

घरी आई होती आणि धाकटा भाऊ होता. भाऊ लिफ्टची दुरुस्ती करायचा. तीन वर्षांपूर्वी तो शिडीवरून पडला आणि डोक्याला मार लागला. बोलणं, चालणं, हिशेब, थट्टा, सगळं परत आलं, फक्त दिशा परत आल्या नाहीत. नाक्यावरचं दुकान तो ओळखायचा, दुकानदाराची चौकशी करायचा, पण दुकानातून बाहेर पडलं की घर डावीकडे की उजवीकडे, हे त्याला कळत नसे. पाठ फिरली की आलेली वाट पुसली जायची. फोनवर बाण दाखवणारा नकाशा होता, पण भर रस्त्यात फोन धरून गोल गोल फिरणाऱ्या धडधाकट माणसाकडे लोक बघतात, आणि ते बघणं त्याला सोसत नसे. हळूहळू त्याने बाहेर पडणंच सोडलं.

कंपनीत घरच्या माणसांना गेम खेळायला द्यायची मुभा होती. बाहेर बोलायचं नाही एवढीच अट. म्हणून वर्षभरापूर्वी तिने एक यंत्र घरी आणून टीव्हीला जोडलं होतं. नवी आवृत्ती निघाली की ती त्यावर आपोआप चढायची. भाऊ त्यावर खेळायचा. काय खेळतो हे तिने फारसं विचारलं नव्हतं. दिवसभर त्याच खोऱ्यात काम करून आल्यावर घरी परत तेच बघायची तिला इच्छा नसायची. त्याचा वेळ जातो, एवढं तिला पुरेसं वाटायचं.

नवी आवृत्ती तयार झाली आणि पुन्हा सहा जण बसले. पहिला तास तिच्या आयुष्यातला सगळ्यात सुंदर तास होता. लाल ठिपके वर आले. ते झाडांवर गेले, छपरांवर गेले, धुरावर गेले. एका बाईने कड्याखाली येऊन मान वर केली, सूर्य पाण्यातून तिच्या डोळ्यांवर आला आणि ती खुर्चीत मागे टेकून नुसती बघत राहिली. इकडे हिने शेजारी उभ्या असलेल्या गोलवाल्याकडे पाहिलं. तोही बघत होता. छान झालंय, असं तो मनापासून म्हणाला.

मग त्या बाईला गावात पाणक्या भेटला. वरच्या धरणावरच्या पहारेकऱ्याला निरोप दे, तुझ्या नकाशावर खूण करून देतो, असं पाणक्या म्हणाला आणि गप्प झाला. खूण करायला आता कोपऱ्यात काही नव्हतंच. बाईने त्याला पुन्हा विचारलं. पाणक्याने पुन्हा तेच वाक्य म्हटलं. बाई गावाबाहेर पडली. तिथे तीन वाटा फुटत होत्या, तिन्ही देखण्या, आणि एकीवरही पाटी नव्हती. धरण टेकडीआड होतं. तिथे जाणारा माणूस रेघेवरून जाणार म्हणून ते दुरून दिसावं असा विचार खोरं रचताना तिने कधी केलाच नव्हता. बाई पहिल्या वाटेने गेली, परत आली, दुसऱ्या वाटेने गेली, दलदलीत शिरली. होडीचा धक्का दोन वळणांवर होता, पण तो तिला कसा कळावा? थोड्या वेळाने तिने हातातला कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि चहा मिळेल का असं विचारलं.

संध्याकाळपर्यंत सहापैकी चौघांनी हात टेकले होते.

गोलवाल्याच्या तोंडून 'मी सांगत होतो' हे शब्द आले नाहीत. आले असते तर तिला बरं वाटलं असतं, भांडता तरी आलं असतं. तो एवढंच म्हणाला, "वर्तुळ होतं म्हणून तुझ्या जगाला बोलायची गरज पडली नाही. आता त्याला बोलायला शिकव."

ते खरं होतं आणि ते तिला फार लागलं. पण हार मानणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिने कामाला सुरुवात केली. पाणक्याला शब्द दिले, नदी उजव्या हाताला ठेव, जळलेलं झाड आलं की चढाला लाग. फाट्यांवर खुणेचे दगड आले, धरणावर उंच बुरूज आला, धक्क्यांवर दुरून दिसणारी निशाणं आली. आठवडे गेले. ती सकाळी निघायची, उशिरा यायची, जेवून झोपायची.

एका रविवारी टीव्ही बंद दिसला. टीव्हीखालच्या यंत्रावर आईने टॉवेल घातला होता, धूळ बसू नये म्हणून. तिने विचारलं तेव्हा आईने सांगितलं की तो खेळत नाही आता, बरेच दिवस झाले. कंटाळला असेल, असं ती आईला म्हणाली. आईने नुसतं तिच्याकडे पाहिलं आणि भाजी निवडायला घेतली.

भाऊ आतल्या खोलीत इस्त्री करत होता. तिने त्याला बाहेर बोलावलं. नवीन आवृत्तीत कितीतरी बदललंय, खेळून दाखव ना जरा, मला बघायचंय, असं म्हणाली. तो नको म्हणाला. तिने आग्रह केला. मोठ्या बहिणीचा आग्रह मोडायची त्याला सवय नव्हती. त्याने टॉवेल काढला, घडी घातली आणि बसला.

खेळातला माणूस गावातून निघाला. पहिल्या पुलापर्यंत तो नीट गेला. पुलाच्या मधोमध थांबून खालचं पाणी बघायला वळला. मग त्याने मान सरळ केली, आणि तिला दिसलं की भावाचा अंगठा हलत नाहीये. पुलाची दोन टोकं होती आणि आपण कुठल्या टोकाने आलो ते त्याला माहीत नव्हतं. तो एका बाजूला गेला, गाव आलं. वळला, पुन्हा पुलावर आला, पलीकडे गेला, झाडाला वळसा घातला आणि पुन्हा थांबला. तिने उभे केलेले दगड होते. बुरूज लांबवर स्पष्ट दिसत होता. तो बुरूज बघत होता, ओळखतही होता. पण बुरूज तिथे आहे म्हणजे गाव कुठे, हे त्यातून त्याच्या डोक्यात येत नव्हतं. तिसऱ्यांदा पुलावर आल्यावर त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. रस्त्यात चुकला की अशाच व्हायच्या.

त्याने कंट्रोलर हळूच खाली ठेवला.

"हे आता बाहेरच्यासारखंच झालं, ताई," तो म्हणाला.

आधी कसं होतं, असं तिने विचारलं. तो आधी टाळत राहिला, मग बोलू लागला. आधी त्या गोलातला बाण आपण वळलो की आपल्याबरोबर वळायचा नाही, बाणाचं टोक वरच राहायचं आणि नकाशा त्याच्याभोवती फिरायचा. म्हणजे वर म्हणजे नेहमी समोर. एकदा खाली बघितलं की झालं, मग निवांत वर बघत चालायचं. आणि कितीही लांब गेलं तरी एका उडीत गावात परत येता यायचं.

"परत यायची खात्री होती ना, म्हणून मी कुठेही जायचो," तो म्हणाला. "उत्तरेच्या खिंडीपलीकडे ते मेंढपाळाचं घर आहे. तिथली म्हातारी दुसऱ्यांदा गेलं की दार उघडते. तिसऱ्यांदा गेलं की आत बोलावते."

त्या म्हातारीचं तिसरं वाक्य तिने एका दुपारी असंच लिहून टाकलं होतं. ते कोणाच्या कानावर पडेल असं तिला वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने कामावर आपल्या घरच्या यंत्राच्या जुन्या वाटा काढून बघितल्या. दोरे नव्हतेच. सगळं खोरं, कानाकोपऱ्यासकट, पावलांनी भरून गेलं होतं.

ती तशीच उठून गोलवाल्याच्या टेबलापाशी गेली. बैठकीत बोललेल्या वाक्याबद्दल माफी मागायला तिला बरेच आवंढे गिळावे लागले. तो म्हणाला की राहू दे, त्या दिवशी त्याला खरंच नोकरीची काळजी वाटली होती. मग तिने त्याला भावाबद्दल सांगितलं. इतकी वर्षं शेजारी बसूनही तिने हे त्याला कधी सांगितलं नव्हतं. ऐकता ऐकता त्याने पेन्सिल उचलली.

त्याने विचारलं, "पिवळ्या खुणा बघायचा का तो?"

तिने घरी फोन लावून विचारलं. भाऊ म्हणाला की त्या खुणांकडे तो बघतच नव्हता. कुठे जायचं ते लागत नाही, कुठून आलो ते लागतं.

त्यावरून दोघांनी नवीन वर्तुळ बनवलं. त्यात पुढचं काहीच नव्हतं. खूण नाही, तुटक रेघ नाही. मधे बाण, आपण तुडवलेली वाट, आणि शेवटच्या मुक्कामाकडे दाखवणारा एक ठिपका. कुठूनही त्या मुक्कामावर एका उडीत परत येता येईल, पण पुढे जायचं ते पायी किंवा होडीने. वर्तुळ ज्याला नको त्याला बंदही करता येईल.

कप्तानांना ते पटवणं सोपं गेलं नाही. त्यांचं म्हणणं होतं की वर्तुळासह आणि वर्तुळाशिवाय, दोन्ही प्रकारे सगळी गेम पुन्हा तपासावी लागेल, आणि तेवढा वेळ नाही. शेवटी त्यांनी एक चाचणी मंजूर केली. चाचणीचा निकाल ना धड इकडचा ना धड तिकडचा. लोक पहिल्यापेक्षा कमी खाली बघत होते, पण बघत होते. हरवत कमी होते. आणि परत यायची उडी मिळाल्याबरोबर सगळ्यांनी तीच मारली. परतीच्या वाटा पुन्हा ओस पडल्या. कड्याखाली मान वर करून बसलेली ती बाई या वेळीही बोलावली होती. ती या वेळी कड्याखालून थेट निघून गेली, कारण मागच्या खेपेला बघितलंय म्हणे.

तिला वाईट वाटलं, पण कोणाला दोष द्यावा हे कळेना. कप्तानांनी चष्मा पुसत सांगितलं की सध्या हे राहू दे, अंतिम निर्णय पुढच्या महिन्यात, वरचे लोक बघून घेतील तेव्हा.

घरी तिने ती आवृत्ती स्वतः यंत्रावर चढवली आणि भावाला हाक मारली. तो लगेच आला नाही. आला तेव्हा आईसुद्धा दारात येऊन उभी राहिली. त्याने कोपऱ्यातल्या वर्तुळाकडे बघितलं, बाण वर होता. तो गावाबाहेर पडला, पुलापर्यंत गेला आणि बटण दाबून गावात परत आला. मग पुन्हा पुलापर्यंत गेला आणि पुन्हा बटण दाबलं. ती वाट बघत होती की आता तो पूल ओलांडेल, चढाला लागेल, खिंडीकडे निघेल. तो चौथ्यांदा पुलावरून परत आला.

न राहवून ती म्हणाली, "जा ना पुढे. आता परत येता येतंय."

"येतंय," तो म्हणाला. "हे राहणार ना पण?"

राहील, असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण डोळ्यांपुढे कप्तानांचा चष्मा दिसला आणि वरचे लोक दिसले, ज्यांना तिने कधी पाहिलंही नव्हतं.

"मी भांडेन," ती म्हणाली. "नक्की सांगता येत नाही."

त्याने मान हलवली. रागावला नव्हता. गेल्या वेळीही कोणी सांगितलं नव्हतं, एक दिवस उघडलं तर नव्हतंच, एवढंच तो म्हणाला, आणि ते म्हणताना तिच्याकडे त्याने बघितलं नाही. दारातून आई म्हणाली की जेवायला या, गार होतंय. जरा थांब, असं तो म्हणाला. खेळातला माणूस पुन्हा गावाबाहेर पडला. या वेळी पूल ओलांडून तो पलीकडच्या झाडापर्यंत गेला, तिथे थांबला, आणि बराच वेळ त्याचा अंगठा परतीच्या बटणावर तसाच टेकलेला राहिला.